फेस झाला, आता पाच मिनिटं थांबा: डोक्यातल्या बुरशीसाठीचा औषधी शाम्पू कसा वापरायचा

त्वचारोगतज्ज्ञ चिठ्ठीवर कीटोकोनाझोल दोन टक्के शाम्पू लिहून देतात आणि पुढे ‘आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून’ असंही लिहितात. बाटली घरी येते, न्हाणीघरातल्या फळीवर नेहमीच्या शाम्पूशेजारी उभी राहते आणि नेहमीच्या शाम्पूसारखीच वापरली जाते. डोकं ओलं केलं, फेस काढला, दोन तांबे पाणी ओतलं, झालं. महिन्याभराने कोंडा तसाच असतो आणि दोष शाम्पूच्या माथी जातो. खरं तर या औषधाला काम करायला वेळच मिळालेला नसतो.

साधा शाम्पू तेल आणि मळ सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो. ते काम अर्ध्या मिनिटात होतं, त्यामुळे तो लगेच धुतला तरी बिघडत नाही. औषधी शाम्पूत साबणासारखा तोच भाग असतोच, पण त्याच्याबरोबर बुरशीवरचं औषधही असतं, आणि ते कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात शिरावं लागतं. मेंदी लावून लगेच हात धुतला तर रंग चढत नाही, तसंच हे आहे. कीटोकोनाझोलचा एक गुण आपल्या फायद्याचा आहे. कातडी आणि केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, त्याला ते चिकटतं. नीट वेळ देऊन लावलं, तर डोकं धुतल्यावरही थोडं औषध मागे राहतं आणि पुढचे काही दिवस काम करत राहतं. रोज न लावता आठवड्यातून दोनदा लावून भागतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता हे औषध मारतं कोणाला, तेही पाहू. मोठ्या माणसांच्या डोक्यातला हट्टी कोंडा, आणि त्याचाच तीव्र प्रकार म्हणजे सेबोऱ्हिक डर्मटायटिस, यांमागे मलासेझिया नावाची बुरशी असते. लाल झालेली कातडी, पिवळसर तेलकट खपल्या, भुवया, नाकाच्या कडा आणि कानामागेही तेच, अशी ही तक्रार असते. ही बुरशी बाहेरून आलेली पाहुणी नाही. ती जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर राहते. तिला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या कातडीच्या तेलावर जगते. ते तेल फोडताना जी आम्लं सुटतात, ती काहींच्या कातडीला झोंबतात. मग आग होते, खाज सुटते आणि पेशी भराभर झडू लागतात. तुमच्या डोक्यावर ती त्रास देते आणि शेजारच्याच्या नाही, याचा संबंध बऱ्याच अंशी कातडीच्या स्वभावाशी आहे. म्हणून या कोंड्याला ‘लागण’ म्हणणं पुरतं बरोबर नाही. तो कंगव्यावरून किंवा उशीवरून दुसऱ्याला होत नाही, त्यासाठी घरात कोणाचा टॉवेल वेगळा करायची गरज नाही.

तेलाचा मुद्दा इथेच बोलून टाकतो, कारण आपल्याकडे कोंड्यावर पहिला उपाय म्हणजे रात्री कोमट तेलाची मालिश. डोकं कोरडं पडलं म्हणून खपल्या सुटतात, असा समज त्यामागे असतो. पण ही बुरशी प्रयोगशाळेत वाढवायची असेल, तर तिच्या खाद्यात ऑलिव्ह तेलासारखं स्निग्ध काहीतरी घालावं लागतं, नाहीतर ती वाढत नाही. रात्रभर डोक्यावर तेल ठेवणं म्हणजे तिची पंगत मांडणं. तेल लावल्यावर दुसऱ्या दिवशी कोंडा कमी दिसतो हे खरं, पण त्या खपल्या ओल्या होऊन कातडीला चिकटलेल्या असतात, गेलेल्या नसतात. खपल्यांचा जाड थर असेल तर मऊ करण्यापुरतं, धुण्याआधी अर्धा-एक तास थोडं तेल लावायला हरकत नाही. ते मात्र साध्या शाम्पूने पूर्ण काढून मगच औषधी शाम्पू लावायचा.

आता प्रत्यक्ष कृती. समजा पस्तिशीतली एक बाई आहे, केस कमरेपर्यंत, रविवारी न्हाण्याची सवय. तिच्या कपाळावरच्या केसांच्या रेषेत, भांगात आणि कानामागे खपल्या आहेत आणि खाजेने झोपमोड होते आहे. डॉक्टरांनी चार आठवडे, आठवड्यातून दोनदा कीटोकोनाझोल सांगितलं. दोन धुण्यांमध्ये किमान तीन दिवसांचं अंतर हवं, म्हणून तिने बुधवार आणि रविवार ठरवले. सोमवार-मंगळवार असे लागोपाठचे दिवस घेतले, तर पुढचे पाच-सहा दिवस रिकामे जातात आणि कातडीही उगाच कोरडी पडते.

पहिलं काम, डोकं नीट ओलं करणं. लांब दाट केसांवर वरून पाणी ओतलं की ते केसांवरून वाहून जातं आणि कातडी कोरडीच राहते. बोटांनी केस बाजूला करत पाणी मुळांपर्यंत जाऊ द्यायचं. पाणी कोमट हवं, कारण कढत पाण्याने सुजलेली कातडी आणखी लाल होते. केस तेलकट असतील, जेल किंवा स्प्रे लावलेला असेल, तर आधी साध्या शाम्पूने एकदा धुवावं. तेलाच्या थरावर औषधी शाम्पू लावला तर त्याचा फेसही होत नाही आणि औषध कातडीपर्यंत पोहोचतही नाही. अनेकांची पहिली तक्रार ‘याला फेसच येत नाही’ ही असते. त्यामागे बहुतेक वेळा तेल असतं, आणि बोअरवेलचं जड पाणी असेल तर तेही. फेस कमी दिसला म्हणून बाटली ओतत जाऊ नये.

किती घ्यायचा? आखूड केसांना साधारण एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, आणि या बाईसारख्या लांब केसांना दोन चमचे. तो आधी तळहातावर घ्यायचा, थोड्या पाण्याने पातळ करायचा आणि भांग पाडत पाडत कातडीवर पोहोचवायचा. शेंड्यांना लावायचं काही कारण नाही. दुखणं कातडीवर आहे, केसांच्या लांबीवर नाही, आणि लांबीला धुताना खाली वाहणारा फेस पुरतो. बोटांच्या पेरांनी हळुवार चोळायचं, नखांनी नाही. खपल्या नखांनी उकरून काढायचा मोह होतो, पण त्यातून बारीक जखमा होतात, शाम्पू चरचरतो आणि जिवाणूंना वाट मिळते. कानामागची जागा, मानेवरची केसांची रेषा आणि कपाळाची कड या तीन जागा सर्वांत जास्त सुटतात, तिथे मुद्दाम जायचं. नाकाच्या कडेला आणि भुवयांतही खपल्या असतील तर तोच फेस तिथे लावता येतो, डोळे घट्ट मिटून. डोळ्यात गेलाच तर साध्या पाण्याने भरपूर धुवायचं.

मग थांबायचं. कीटोकोनाझोलसाठी तीन ते पाच मिनिटं. मिनिटं मोजायची ती फेस सगळीकडे पोहोचल्यानंतर, पहिला थेंब डोक्यावर पडल्यापासून नाही. लांब केसांत तो पोहोचवायलाच दोन मिनिटं जातात. आणि पाच मिनिटं अंदाजाने मोजू नका. ओल्या डोक्याने, डोळे मिटून उभं राहिलं की दीड मिनिटसुद्धा खूप वाटतं. फोनवर गजर लावून तो न्हाणीघराबाहेर ठेवला की झालं. बादलीने आंघोळ करणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. आंघोळीच्या सुरुवातीलाच डोक्याला शाम्पू लावायचा, मग अंगाला साबण लावायचा, पाय घासायचे, आणि डोकं सर्वांत शेवटी धुवायचं. वेळ आपोआप भरतो. शॉवर असेल तर तेवढा वेळ तो बंद ठेवायचा.

उलट बाजूची चूकही होते. पाच मिनिटांनी इतका फायदा, तर अर्ध्या तासाने किती, असं म्हणून काही जण टॉवेल गुंडाळून बसतात. त्याने बुरशी जास्त मरत नाही, कातडी मात्र कोरडी पडते आणि चुरचुरते. मग ती कोरड कोंड्यासारखीच दिसते आणि माणूस आणखी शाम्पू लावतो.

शेवटी भरपूर पाण्याने, बोटं फिरवत धुवायचं. कंडिशनर हवा असेल तर तो नंतर, फक्त केसांच्या लांबीला, मुळांना नाही. मधल्या दिवसांत केस धुवायचे झाले तर साधा शाम्पू चालतो.

बाटलीचा हिशोबही सांगतो, कारण उपचार अर्ध्यावर सुटायचं ते एक कारण असतं. लांब केसांसाठी दर वेळी दहा मिलिलिटर धरले तर शंभर मिलिलिटरच्या बाटलीत दहा धुणी होतात. चार आठवड्यांची आठ धुणी, म्हणजे ऐंशी मिलिलिटर. उरलेल्या वीसमध्ये पुढची दोन. ती कशासाठी, हे खाली येतंच. बाटली दोन आठवड्यांत संपली तर तुम्ही गरजेच्या अडीच पट ओतता आहात, आणि चार आठवड्यांनंतरही अर्धी भरलेली असेल तर एकतर धुणी चुकताहेत किंवा कातडीवर पुरेसं पोहोचत नाहीये.

खाज बहुधा आधी कमी होते, खपल्या त्यानंतर. लाली जायला सर्वांत जास्त वेळ लागतो. खाज थांबली की लोक थांबतात, ते चुकीचं आहे. दोन ते चार आठवडे पूर्ण करायचे. कातडी स्वच्छ झाल्यावर मात्र दोनदाचं एकदा करायचं, आणि पुढे दर आठवड्याला किंवा दर पंधरवड्याला एकदा असं चालू ठेवायचं. बाटलीत उरलेली ती दोन धुणी याच कामाला. पंधरवड्याला एक म्हटलं तर महिनाभर पुरतात.

औषध संपलं की कोंडा परत येतो, तेव्हा औषध निकामी ठरलं असं वाटतं. पण बुरशी मुळात कातडीची रहिवासी आहे. शाम्पूने ती कमी होते, कायमची जात नाही. हा आजार मुळासकट उपटायचा नसतो, त्याला दाबून ठेवायचं असतं. म्हणून ठरावीक अंतराने एकेक धुणं चालू ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे. ‘कायमचा बरा करणारा’ शाम्पू विकणाऱ्याकडे थोड्या संशयाने बघायला माझी हरकत नाही.

यकृताची भीती बऱ्याच जणांना वाटते, कारण कीटोकोनाझोलचं नाव इंटरनेटवर शोधलं की यकृताची इजा समोर येते. ती भीती गोळ्यांबद्दल आहे. पोटात घ्यायच्या कीटोकोनाझोल गोळ्यांवर 2013 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने बंदीची शिफारस केली आणि अमेरिकेच्या नियामकाने कडक मर्यादा घातल्या, त्या मुख्यतः यकृताच्या धोक्यामुळे. शाम्पू डोक्याला लावल्यावर रक्तात मोजण्याइतकं औषध सापडत नाही. शाम्पूचे खरे दुष्परिणाम साधे आहेत: थोडी चुरचुर, केस कोरडे किंवा तेलकट वाटणं, आणि क्वचित पांढऱ्या किंवा रसायनांनी खराब झालेल्या केसांचा रंग बदलणं. केस गळताहेत अशी तक्रारही येते. पण आठवड्यात एकदा केस धुणाऱ्याच्या हातात आठवडाभर सुटून अडकलेले सगळे केस एकदम येतात, शाम्पूने नवे गळलेले बहुधा नसतात. गळती महिना-दोन महिने तशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवावं. बारा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

चिठ्ठीवर दुसरं औषध असेल तर नियम बदलतात, म्हणून शेजारणीची मिनिटं आपल्या बाटलीला लावू नयेत. अडीच टक्के सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू दोन ते तीन मिनिटंच ठेवायचा, धुवायचा, मग पुन्हा एकदा लावून धुवायचा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग कमी कमी करत जायचं. त्याआधी कानातलं, बांगड्या, अंगठी काढून ठेवायची, धातू काळा पडतो. केसांना कलप लावायचा असेल तर या शाम्पूपासून आधी आणि नंतर दोन-दोन दिवस दूर राहायचं. कातडीवर जखम असेल तर तो वापरायचाच नाही. सायक्लोपिरॉक्स एक टक्का असेल तर तीन मिनिटं, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे.

आता सर्वांत गंभीर गैरसमज. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर एक गोल चट्टा पडतो, केस जातात आणि घरचे म्हणतात चाई पडली. किंवा कोंडा म्हणून मोठ्यांचाच औषधी शाम्पू लावत राहतात. चाई पडलेली जागा गुळगुळीत असते, तिच्यावर खपली नसते. चट्ट्यावर खपल्या असतील, केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसत असतील, मानेच्या मागे गाठी हाताला लागत असतील, तर तो डोक्यातला नायटा असण्याची शक्यता मोठी. ही वेगळी बुरशी आहे. ती केसाच्या आत शिरते आणि मुळाच्या खोलीत बसते. शाम्पू कितीही मिनिटं ठेवला तरी तिथे पोहोचत नाही. याला पोटातून घ्यायचं औषधच लागतं, ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन, डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेल्या मात्रेत आणि कित्येक आठवडे. ग्रिसिओफल्विन दुधाबरोबर किंवा तूप-लोणी असलेल्या जेवणानंतर दिलं तर चांगलं शोषलं जातं, उपाशीपोटी त्यातलं बरंच वाया जातं.

मग शाम्पू कशाला? तो केसांच्या पृष्ठभागावरचे बीजाणू कमी करतो, म्हणजे दुसऱ्या मुलाला लागण व्हायची शक्यता घटते. म्हणून पोटातल्या औषधाबरोबर आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून, तो द्यायला सांगतात. आणि कोंड्याच्या उलट, हा नायटा खरोखर पसरतो: कंगवा, टोपी, टॉवेल, उशी, केस कापायचं यंत्र. ही मुलाची वेगळी ठेवायची. घरातल्या भावंडांची डोकी उजेडात तपासायची आणि डॉक्टर म्हणतील तर त्यांनाही तोच शाम्पू लावायचा. औषध सुरू झाल्यावर मुलाला शाळेत पाठवता येतं. डोकं भादरायची गरज नाही. त्याने आजार बरा होत नाही आणि मूल मात्र वर्गात उघडं पडतं. चट्ट्याची जागा सुजून मऊ, ओली, पू भरल्यासारखी झाली तर ती फोडायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. उशीर झाला तर तिथे कायमचा व्रण राहून केस परत येत नाहीत.

मोठ्यांमध्येही चार आठवडे नीट वापरून फरक पडला नाही, तर बाटली बदलण्याआधी निदान तपासून घ्यावं. जाड, चंदेरी, ठसठशीत कडेची खपली केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आली असेल आणि कोपरांवर, गुडघ्यांवरही तशीच असेल, तर सोरायसिसचा संशय येतो. कलप लावल्यानंतर एक-दोन दिवसांत कान आणि कपाळ सुजून खाजायला लागलं, तर कलपातल्या रसायनाची ॲलर्जी असू शकते. केसांच्या मुळाशी पू भरलेल्या बारीक पुळ्या असतील तर जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. शंका असेल तिथे डॉक्टर खपली खरवडून किंवा तुटका केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्या तपासणीला जाण्याआधी बुरशीवरचं मलम किंवा औषधी शाम्पू लावू नये आणि लावत असाल तर डॉक्टरांना आधी सांगावं, नाहीतर बुरशी असूनही नमुन्यात सापडत नाही. दुकानातून आणलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं मलम डोक्याला लावलं असेल तर तेही लपवू नये. त्याने लाली दबते, चित्र बदलतं, आणि ते एकदम बंद केलं की आजार उसळून येतो. म्हणून ते हळूहळू कसं सोडायचं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.